त्रिपूर पाजळावा, पण पाण्याबाहेर

त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली की दरवर्षी तेच भांडण नव्याने सुरू होतं. एक जण म्हणतो, एवढं तेल जाळण्यापेक्षा गरिबाच्या घरी द्या. दुसरा म्हणतो, आमचाच सण आला की तुम्हाला पर्यावरण बरं आठवतं. पहिल्याचं लक्ष तेलाच्या भावावर, दुसऱ्याचं मानापमानावर. दिव्याकडे कोणीच पाहत नाही. तो कशात ठेवायचा, कुठे ठेवायचा, किती वेळ जळू द्यायचा, विझल्यावर त्याचं काय करायचं, हे प्रश्न या वादात येतच नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. दिवे लावलेच पाहिजेत, घरात, देवळात आणि घाटाच्या पायऱ्यांवरही. पण ते पाण्यात सोडू नयेत, आणि ‘यंदा किती हजार’ हे उत्सवाचं माप धरू नये. हे मी परंपरेच्या विरोधात जाऊन म्हणत नाही. तिच्यात जे सांगितलेलं आहे तेच पुन्हा सांगते आहे.

आधी त्या रात्रीचा मंत्र पाहू. तारकासुराच्या तीन मुलांनी सोन्याची, चांदीची आणि लोखंडाची अशी तीन पुरं उभारली आणि शंकराने ती एका बाणात जाळली, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण दीपदानाच्या वेळी जो श्लोक म्हणायचा, त्यात ना त्रिपुरासुर आहे, ना विजय. ‘कीटाः पतङ्गाः मशकाश्च वृक्षाः जले स्थले ये विचरन्ति जीवाः’ असा तो सुरू होतो. किडे, पतंग, डास, झाडं, पाण्यात आणि जमिनीवर फिरणारे सगळे जीव. यांना हा दिवा नुसता दिसला तरी त्यांची जन्माच्या फेऱ्यातून सुटका होवो, असा त्याचा भाव आहे. दिवा लावणाऱ्याने त्यात स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. डासाचंही नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी लावलेला हा दिवा आहे. मग त्याच दिव्याचं तेल पाण्यावर पसरून पाण्यातल्या जिवांचा श्वास कोंडत असेल, तर तो विधी पुरा झाला असं कोणत्या शास्त्राने म्हणायचं?

तेल पाण्यावर किती पसरतं, याचा अंदाज आपल्याला नसतो. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपम इथल्या तळ्यावर चमचाभर तेल टाकलं. ते पसरत पसरत अर्ध्या एकरावर गेलं आणि तेवढ्या भागातल्या लहरी शांत झाल्या. त्याची ही हकीकत १७७४ मध्ये छापली गेली. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. हा तवंग डोळ्यांना जेमतेम जाणवतो, पण पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन श्वास घेणाऱ्या कीटकांना तो पुरेसा नडतो. डासांच्या अळ्या माराव्यात म्हणून साचलेल्या पाण्यावर तेल टाकायची पद्धत याच तत्त्वावर चालते. ज्या ‘मशका’ला आपण मंत्रात मुक्ती देतो त्यालाच त्याच रात्री गुदमरवतो, आणि त्याच्याबरोबर पाण्यावर चालणारे निवळीसारखे निरुपद्रवी किडेही जातात. पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात थिजलेल्या तुपात बुडवलेली एक फुलवात, आणि घरटी असा एकच दिवा. एवढ्याने नदीचं काही बिघडत नसे हे मलाही मान्य आहे. आता पानाच्या द्रोणाची जागा चकचकीत कागदाच्या आणि थर्माकोलच्या वाट्यांनी घेतली, तुपाच्या जागी तेल आलं, आणि घरटी एकाचे माणशी अकरा झाले. नाव तेच राहिलं म्हणून कृती तीच राहते असं नाही.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ते म्हणतात, नदी मरते आहे ती नाल्यांनी आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने, वर्षाचे ३६५ दिवस. तुम्ही मात्र एका रात्रीची पणती धरून बसलात. हे शब्दशः खरं आहे. ज्या नदीत रोज अख्ख्या शहराचा मैला मिसळतो, तिला पणत्यांनी मारलं असं म्हणणारा एकतर अडाणी आहे किंवा अप्रामाणिक. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? नाला दुसऱ्याच्या हातात आहे, दिवा माझ्या. मी तो पाण्यात सोडून पाठ फिरवली, तर नदीशी माझं नातं संपलं. पायरीवर ठेवून त्याच्याजवळ तासभर बसले, तर समोरून वाहणारं काळं पाणी मला दिसतं आणि त्याचा वास येतो. मग नाल्याचा प्रश्न मी कोणाला तरी विचारीन. दिवा सोडणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर परत येतात? मी गेले आहे. पायऱ्यांवर तेलाचं आणि शेंदराचं चिकट सारवण झालेलं होतं. एक आजोबा काठी टेकत जपून उतरत होते, तरी घसरले. शेजारच्या माणसाने दंड धरला म्हणून वाचले. सफाईला आलेल्या दोन बायका फुटक्या पणत्या घमेल्यात भरत होत्या, आणि मागून एक जण नळी लावून सगळं तेल पायऱ्यांवरून सरळ नदीत ढकलत होता. रात्री पायरीवर ठेवलेला दिवादेखील शेवटी पाण्यातच गेला होता.

म्हणून आकड्याचा हिशेब एकदा नीट करून पाहायला हवा. गेल्या वर्षी मी घरी मोजून पाहिलं. बाजारात मिळते ती नेहमीची लहान पणती घेतली, चहाचे दोन लहान चमचे म्हणजे साधारण १० मिलिलिटर तिळाचं तेल घातलं, एक लांब वात ठेवली आणि वारा नसलेल्या जागी लावली. संध्याकाळी साडेसहाला लावलेली पणती नऊच्या सुमारास विझली. म्हणजे तासाला सुमारे ४ मिलिलिटर तेल जळलं. आता घाटावर ५१,००० पणत्या मांडल्या आहेत असं धरा. हा आकडा मंडळांच्या आवडीचा आहे. दहा मिलिलिटरप्रमाणे ५१० लिटर तेल लागलं, म्हणजे १५ लिटरचे ३४ डबे. कार्यक्रम, भाषणं आणि फोटो तासाभरात आटोपतात. वाऱ्याने काही दिवे आधीच गेलेले असतात, उरलेले लोक निघून गेल्यावर विझतात. तासाभरात प्रत्येकीतलं ४ मिलिलिटर जळलं असं धरलं, तरी ६ मिलिलिटर मागे उरतं. ५१,००० गुणिले ६ म्हणजे ३०० लिटरच्या वर, २० डबे. ते जळलंच नाही. ते धुतलं गेलं. ‘गरिबाला द्या’ म्हणणाऱ्याचं बोट चुकीच्या जागी आहे ते इथे. जळलेल्या तेलाने उजेड तरी दिला. खरी नासाडी या न जळलेल्या तेलाची आहे, आणि ती केली आकड्याच्या हौसेने. प्रत्येक पणतीत एकच चमचा घातला आणि निघताना उरलेलं तेल डब्यात ओतून घेतलं, तर तोच उजेड निम्म्या तेलात होतो आणि नदीत काहीच जात नाही. पण कार्यक्रम आखताना पणत्या लावणारे हात मोजून ठेवतात, उचलणारे कोणी मोजत नाही.

यावर मला उत्तर मिळेल की आकडा तर परंपरेतही आहे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो खरा आहे. त्रिपुरवात साडेसातशे सुतांची असते. काही घरांत ३६५ची. चातुर्मासात लक्षवातींचा नेम करणाऱ्या बायका आमच्या आजीच्या पिढीत गल्लोगल्ली होत्या. लाख वाती! मग मंडळाच्या ५१ हजारांनी काय घोडं मारलं? फरक कळायला वात कशी होते ते पाहावं लागतं. आजी कापसातली सरकी वेचून काढायची, बोटांनी कापूस विंचरून पोळीसारखा पसरायची, चिमटीत चिमूटभर राख घेऊन तळहातावर वळायची. राख नसेल तर कापूस हातावरून नुसता घसरतो, पीळ धरत नाही. फुलवातीला शेंडा काढताना बोट दुधात बुडवायची. दुपारी जेवणं झाली, की ओट्यावर बसून शंभर वाती झाल्याशिवाय ती उठत नसे. त्रिपुरवातीसाठी चार बोटांवर सुताचे वेढे घ्यायची आणि मोजता मोजता कोणी हाक मारली तर मान हलवून थांबवायची, पण तोंडाने बोलायची नाही. आकडा चुकला तर पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे तिच्या साडेसातशेत दिवे मोजलेले नव्हते. मोजलेली होती ती त्या कामाला दिलेली वेळ. साडेसातशे सुतांची ती वात शेवटी एकाच वाटीत, एकाच ज्योतीने जळायची. मंडळाच्या आकड्यात मोजला जातो तो विकत आणलेला माल. दोन्हींना ‘संख्या’ हाच शब्द असला तरी एकात माणूस खर्ची पडतो आणि दुसऱ्यात पैसा.

त्या एका वातीलाही जपावं लागतं, हे आता सांगायला हवं, कारण विकतच्या तयार त्रिपुरवाती देवळात घेऊन जाणारे अनेक जण हात पोळून घेतात. इतकं सूत एकत्र आलं की ते तूप पिऊन घेतं. वात आयत्या वेळी वरवर तुपात बुडवली, तर आतलं सूत कोरडंच राहतं. मग तूप जळण्याऐवजी सूतच पेटतं, एकदम भडका होतो, काळा धूर निघतो आणि पाच-दहा मिनिटांत सगळा कोळसा होतो. धूर काळा दिसला की समजावं, तूप कमी पडलं. आदल्या रात्रीच पातळ केलेल्या तुपात ती पूर्ण बुडवून ठेवायची, सकाळपर्यंत ते थिजतं आणि सुताच्या प्रत्येक पेरात बसतं. ठेवायची ती जाड मातीच्या किंवा पितळेच्या वाटीत. पातळ पणती त्या आचेने तडकते आणि पेटतं तूप फरशीवर येतं. अशी मुरलेली वात शांतपणे, पिवळ्या ज्योतीने बराच वेळ जळते. ती संपेपर्यंत कोणीतरी जवळ बसतंच, कारण सोडून जाता येत नाही.

देवळांनीही जवळ बसण्याजोगा, राखण्याजोगा दिवाच बांधला. दीपमाळ ही आपल्या मुलुखाची खास चीज आहे. देवळासमोर, बाहेरच्या अंगणात दगडी खांब. खाली रुंद, वर निमुळता, आणि अंगभर ओळीने काढलेले दगडी हात. त्याच हातांवर पाय देत माणूस वर चढतो, प्रत्येक हातावर दिवा किंवा चिंधीचा काकडा ठेवतो आणि खाली उतरता उतरता लावत येतो. ‘त्रिपूर पाजळला’ म्हणतात तो हाच. आठ ओळी आणि ओळीत आठ हात असे धरले तर ६४ दिवे. प्रत्येकात अर्धी वाटी तेल घातलं तरी सगळं मिळून ५ लिटरच्या आसपास. हे ५ लिटर दोन गावांच्या वेशींवरून दिसतं, कारण उजेड उंचावर आहे. घाटावरचे ५१० लिटर घाटावर उभ्या असलेल्यालाच दिसतात. आणि दीपमाळ देवळाबाहेर मोकळ्यावर आहे, त्यामुळे काजळी कोरीव भिंतींवर चढत नाही. जुन्या हेमाडपंती देवळांच्या खांबांवर, शिल्पांच्या पायाशी पणत्या मांडणाऱ्या उत्साही मंडळींनी हे लक्षात घ्यावं. तेल दगडात मुरलं की निघत नाही, त्यावर धूळ बसते आणि दगड कायमचा काळा पडतो. विजेच्या माळांनाही माझा विरोध नाही, पण दीपमाळेच्या सांध्यात खिळे ठोकून त्या लावणार असाल तर आहे.

काशीची देवदीपावली पाहून आपल्याकडे हे सगळं मोठं होत गेलं, हे उघड आहे. आता त्रिपुरी पौर्णिमेलाच लोक ‘देवदिवाळी’ म्हणू लागले आहेत. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, देवदिवाळी म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, हे पुढच्या पिढीला कदाचित ठाऊकही नसेल. उत्तरेकडून काही घेऊ नये असं मी मुळीच म्हणत नाही. पण काशीच्या पंचगंगा घाटावर हजारा म्हणतात तो दगडी दीपस्तंभ आहे, आणि तो अहिल्याबाई होळकरांनी उभारल्याचं सांगतात. इंदूरच्या राणीने गंगेच्या काठावर दिवे लावायचे ठरवले तेव्हा तिला आठवली ती दीपमाळच. हजार दिवे, पण दगडावर, पाण्याच्या वर. कोल्हापूरला पंचगंगेच्या घाटावर पहाटे जे दिवे लागतात, त्यांचं सौंदर्य मी नाकारत नाही. धुक्यात पायऱ्या उजळतात, पाण्यात त्यांचं प्रतिबिंब पडतं आणि नदी दुप्पट उजळते. पाण्यात दिवा न सोडताही पाणी उजळतं, याचा याहून चांगला दाखला मला देता येणार नाही.

खाण्याचं तेल जाळावं का, या प्रश्नातही तथ्य आहे. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. पण जुन्या काळी दिव्यात बहुतेक खाण्याचं तेल नव्हतंच. कोकणात उंडीचं कडू तेल, देशावर करंज आणि एरंडेल. हीच दिव्याची तेलं. उंडी आणि करंज तर बांधावर, ओढ्याकाठी आपोआप वाढणारी झाडं, आणि त्यांचं तेल माणसाच्या पोटात जातच नाही. म्हणजे ताट आणि दिवा यांत भांडण लावलं ते आपण, सगळ्यालाच एकाच डब्यातलं रिफाइंड वापरायला लागलो म्हणून. करंजाचं तेल आजही मिळतं. त्याला उग्र वास आहे, धूर थोडा जास्त येतो, म्हणून देवघरात नको. पण अंगणात, तुळशीपुढे, दीपमाळेवर ते उत्तम. फक्त बाटलीवर ठळक लिहून ठेवावं आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवावी.

आणि तेल दिव्याला की माणसाला, हा वाद आपले पूर्वज कसा सोडवत? चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात शके ११२८चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला निकुंभ राजांनी दिलेल्या दानाचा तो लेख. त्याच्या मराठी भागात, गावात जितके घाणे चालतील तितक्यांच्या मागे पळी पळी तेल मठाला द्यावं असं आहे. त्या पळीभर तेलाचं पुढे काय होई, ते लेख सांगत नाही. पण जिथे गणित आणि ज्योतिष शिकवायचं तिथे रात्री दिवा लागत असणार, असं मला वाटतं. नेमकं माप, नेमका देणारा, नेमकी जागा, आणि घाणा चालेल तोवर. पाच तेली असतील तर पाच पळ्या. एका रात्री ५१ हजार पळ्या देऊन उरलेलं वर्ष कोरडं ठेवणारं दान त्यात बसत नाही.

कार्तिक हा तर रोजच्या दिव्याचा महिना होता. आश्विनी पौर्णिमेपासून पहाटेचा काकडा सुरू व्हायचा आणि कार्तिकी पौर्णिमेला संपायचा. उंच काठीवर आकाशदिवा चढायचा, आणि दररोज संध्याकाळी दोरीने खाली उतरवून तेल घालून पुन्हा वर सरकवावा लागायचा. त्याचा आता दिवाळीतला आकाशकंदील झाला, चार दिवसांचा. तुळशीपुढची पणती तुळशीच्या लग्नापुरती उरली. महिनाभर एकेक दिवा लावून शेवटच्या रात्री त्रिपूर पाजळायचा, हा क्रम होता. आपण महिना सोडून दिला आणि शेवटची रात्र तेवढी फुगवत नेली. हे तेलाच्या विरोधकांनाही कळलेलं नाही आणि आकड्याच्या अभिमान्यांनाही.

आमच्या गावच्या देवळापुढची दीपमाळ मधली काही वर्षं बंद होती, कारण चढणारा माणूस नव्हता. आता दोन मुलं चढतात. कमरेला दोर बांधलेला असतो, खाली चौघं तो धरून असतात, आणि पुजाऱ्याची सून खालून एकेक भरलेली पणती टोपलीतून वर पाठवते. बत्तीस हात शाबूत आहेत, बाकीचे तुटलेत, म्हणून बत्तीसच दिवे. शेवटचा विझेपर्यंत लोक पारावर बसून असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलं पुन्हा चढतात, पणत्या टोपलीतून खाली सोडतात, आणि उरलेलं तेल नंदादीपाच्या बरणीत जातं.